काट्याचा फोटो वाचताना

व्होल्टमीटर समोर असतो तेव्हा आपण नकळत पुष्कळ गोष्टी करतो. डोके थोडे डावीकडे-उजवीकडे हलवून काटा नेमका कुठे आहे ते पाहतो. काचेवर हलकी टिचकी मारून काटा अडकलेला नाही ना, याची खात्री करून घेतो. तारा कोणत्या टर्मिनलला लावल्या आहेत, हेही खाली नजर टाकली की दिसते. त्याच मीटरचा फोटो हातात आला की यातले काहीच करता येत नाही. डोळ्याची जागा फोटो काढणाऱ्याने ठरवून टाकलेली असते आणि ती आपल्याला बदलता येत नाही.

असे फोटो आता सगळीकडे फिरतात. प्रयोगशाळेत वेळ संपत आली की मुले मीटरचा फोटो काढून घेतात आणि रीडिंग घरी जाऊन वहीत उतरवतात. शेतातल्या पंपाच्या पॅनेलवरचा फोटो मेकॅनिकला पाठवून ‘व्होल्टेज किती आहे बघा’ असे विचारले जाते. फोटोवरून रीडिंग घेता येते, आणि ते बऱ्यापैकी बरोबरही येते. मात्र त्यासाठी लघुतम माप, पॅरॅलॅक्स आणि शून्य त्रुटी या तिन्ही गोष्टी फोटोतूनच ओळखाव्या लागतात. पाठ्यपुस्तकात या तिघींसाठी तीन वेगळे परिच्छेद असतात. फोटोत त्या एकमेकींत मिसळतात, आणि फसगत होते ती तिथेच.

उदाहरणासाठी शाळेत ओहमच्या नियमाच्या प्रयोगाला वापरतात तो साधा मीटर घेऊ: ० ते ३ व्होल्ट, एकच स्केल, पुढच्या बाजूला काट्याच्या मुळाशी एक छोटा स्क्रू. आत कायम चुंबकात फिरणारे तारेचे वेटोळे आहे. वेटोळ्यातून जितका प्रवाह जातो तितक्याच प्रमाणात काटा सरकतो, म्हणून याच्या स्केलवरची सगळी घरे सारख्या रुंदीची असतात.

पहिले काम लघुतम माप काढण्याचे, म्हणजे एका घराची किंमत ठरवण्याचे. फोटोत शेजारशेजारचे दोन छापील आकडे शोधायचे, समजा १ आणि २, आणि त्यांच्यातली घरे मोजायची. घरे मोजायची, रेघा नव्हेत. १ आणि २ यांच्या मधल्या बारीक रेघा मोजल्या तर नऊ भरतात, घरे मात्र दहा असतात. रेघा मोजून भागाकार केला की एक व्होल्ट भागिले नऊ असे विचित्र उत्तर येते. तसे उत्तर आले की मोजण्यात चूक झाली हे ओळखावे, कारण मीटर बनवणारे एका घराला १, २ किंवा ५ यांवर बेतलेली सोपी किंमत देतात. आपल्या मीटरवर दहा घरे आहेत, म्हणजे लघुतम माप ०.१ व्होल्ट. शेजारच्या ॲमीटरवर ० ते ५०० मिलिॲम्पिअर असे स्केल आणि प्रत्येक शंभरात दहा घरे असतील, तर त्याचे लघुतम माप १० मिलिॲम्पिअर.

इथे फोटोची एक खास अडचण आहे. काट्याजवळचा भाग मोठा दिसावा म्हणून बरेच जण फोटो इतका कापतात की छापील आकडा एखादाच उरतो, डायलवरचे ‘V’ किंवा ‘mA’ हे अक्षर जाते आणि टर्मिनल तर फोटोत नसतातच. काही मीटरवर दोन स्केल असतात, वरचे ० ते १५ आणि खालचे ० ते ३. काटा एकच असतो. कोणते स्केल वाचायचे ते तार कोणत्या टर्मिनलला आहे त्यावर ठरते. तेव्हा अशा मीटरचा टर्मिनल नसलेला फोटो अपुराच समजावा. त्यावरून लिहिलेले रीडिंग पाचपट चुकू शकते, आणि काटा कितीही बारकाईने पाहिला तरी ती चूक सापडत नाही.

लघुतम माप कळले की काटा वाचायचा. समजा तो २.६ आणि २.७ यांच्या बरोबर मध्ये दिसतो. फोटो मोठा करून पाहता येतो, ही इथली सोय. पडद्यावर २.६ च्या रेघेच्या मध्यापासून २.७ च्या रेघेच्या मध्यापर्यंत अंतर मोजावे, मग पहिल्या रेघेपासून काट्याच्या टोकाच्या मध्यापर्यंत मोजावे. दुसरे पहिल्याच्या निम्मे भरले की रीडिंग २.६५. यापुढे जाऊन २.६४७ वगैरे लिहिण्यात अर्थ नाही. फोटो मोठा केला म्हणून मीटर अधिक अचूक होत नाही. काट्याचे टोकच घराचा बराच भाग व्यापते आणि छापील रेघेलाही जाडी असते. अर्ध्या घरापर्यंत खात्रीने वाचता येते, म्हणजे या मीटरवर ०.०५ व्होल्टपर्यंत. आणखी एक सावधगिरी अशी की फ्लॅश किंवा खिडकीच्या उजेडाने काट्याची सावली डायलवर पडते आणि लहान फोटोत ती काट्याइतकीच ठळक दिसते. तेव्हा सावली आणि काटा अशा दोन रेघा दिसतात. त्यातली कडा स्पष्ट असलेली, बहुधा छापील रेघांच्याही वरून जाणारी रेघ म्हणजे काटा.

आता २.६५ हे रीडिंग खरे आहे का, हा प्रश्न.

काटा डायलला चिकटलेला नसतो. तो मोकळा फिरावा म्हणून डायलपासून थोडा वर तरंगतो. आपल्या मीटरमध्ये हे अंतर २ मिलिमीटर धरू. कॅमेरा काट्याच्या बरोबर समोर असेल तर काटा जिथे आहे तिथलीच रेघ त्याच्यामागे दिसते. कॅमेरा बाजूला असेल तर काट्याचे टोक विरुद्ध बाजूला सरकल्यासारखे दिसते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. मोटारीत चालकाच्या डावीकडे बसलेल्याला वेगाचा काटा चालकाला दिसतो त्यापेक्षा थोडा पुढे दिसतो, तो यामुळेच.

किती सरकतो ते काढणे सोपे आहे. काट्याची उंची गुणिले कॅमेरा जितका तिरका त्या कोनाचा टॅन्जंट. कॅमेरा २० अंश तिरका असला तर २ मिलिमीटर उंचीचा काटा ०.७३ मिलिमीटर सरकलेला दिसतो. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण आपल्या मीटरच्या स्केलची कमान साधारण ५४ मिलिमीटर लांब आहे आणि तिच्यात तीस घरे आहेत, म्हणजे एक घर १.८ मिलिमीटरचे. ०.७३ मिलिमीटर म्हणजे त्या घराचा चाळीस टक्के भाग झाला. एवढी मेहनत करून आपण अर्धे घर वाचले, आणि तेवढीच चूक कॅमेऱ्याच्या तिरकेपणात दडलेली असू शकते.

पण कॅमेरा तिरका आहे एवढे कळून भागत नाही. तो कोणत्या दिशेने तिरका आहे आणि काटा त्या वेळी कुठे आहे, हेही पाहावे लागते. टोक काट्याच्याच लांबीच्या दिशेने सरकल्यासारखे दिसले तर रीडिंग बदलत नाही. कमानीच्या दिशेने सरकले तरच बदलते. कॅमेरा उजवीकडे असेल तर टोक डावीकडे सरकलेले दिसते आणि सगळ्या स्केलवर रीडिंग कमी येते, मधल्या भागात सर्वांत जास्त आणि दोन्ही टोकांना त्याहून थोडे कमी. कॅमेरा वरच्या बाजूला असेल तर गोष्ट वेगळी होते. मीटर टेबलावर उभा, मुलगा किंवा मुलगी बाकाजवळ उभी आणि फोन हातात: बहुतेक फोटो असेच वरून निघतात. तेव्हा टोक खाली सरकलेले दिसते. काटा मध्यावर, म्हणजे १.५ व्होल्टवर सरळ उभा असेल तर त्याने काहीच फरक पडत नाही. काटा डावीकडे शून्याजवळ कलला असेल तर खाली सरकणे म्हणजे मागे सरकणे, रीडिंग कमी दिसते. काटा उजवीकडे कलला असेल तर खाली सरकणे म्हणजे पुढे सरकणे, रीडिंग जास्त दिसते. एकाच जागेवरून काढलेल्या फोटोत स्केलचे एक टोक कमी दाखवते आणि दुसरे जास्त. हे लक्षात न घेतल्याने पुढे शून्य त्रुटीत काय होते ते पाहूच.

फोटो तिरका आहे हे ओळखायचे कसे? सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे डायलभोवतीची चौकट. ती डायलपासून वर उचललेली असते आणि तिला आतल्या बाजूने भिंत असते. फोटोत खालची आतली भिंत दिसते आणि वरची दिसत नाही, असे असेल तर कॅमेरा वर होता. डावी भिंत दिसते, उजवी नाही, तर कॅमेरा उजवीकडे होता. चारही भिंती सारख्याच दिसल्या की कॅमेरा समोर होता असे धरायला हरकत नाही. गोल स्क्रू लंबगोल दिसतो का, हेही काही जण पाहतात, पण ती खूण फार बोथट आहे. २० अंश तिरकेपणातही वर्तुळाची उंची अवघी सहा टक्के घटते आणि नुसत्या नजरेला ती जाणवत नाही.

फोटो काढणाऱ्याच्या हातात यावर एक सोपा उपाय आहे. मीटरच्या पुढचा छोटा स्क्रू साधारणपणे काटा ज्या आसावर फिरतो त्याच्याच समोर असतो. फोन डायलला समांतर धरून तो स्क्रू फोटोच्या मध्यावर आणला, म्हणजे भिंग त्या आसासमोर येते. मग काटा कुठेही असो, त्याचे टोक सरकलेले दिसते ते आपल्याच लांबीच्या दिशेने, आणि रीडिंगला धक्का लागत नाही. आपण सवयीने काट्याचे टोक किंवा स्केलची कमान मध्यावर आणतो. त्यापेक्षा स्क्रू मध्यावर आणणे कितीतरी चांगले. शिवाय फोन मीटरला चिकटवू नये. १५ सेंटिमीटरवरून फोटो काढताना भिंग ५ सेंटिमीटर बाजूला गेले तर टोक सुमारे ०.६७ मिलिमीटर सरकते. अर्ध्या मीटरवरून, झूम करून काढताना तेवढीच चूक झाली तर फक्त ०.२ मिलिमीटर, म्हणजे घराचा जेमतेम नववा हिस्सा.

महागड्या मीटरमध्ये स्केलच्या कमानीखाली आरशाची पट्टी असते. समोर बसून वाचताना काट्याने आपले प्रतिबिंब झाकले की डोळा बरोबर जागी आला असे समजतात. फोटोत हा आरसा आणखी उपयोगी पडतो. कॅमेरा तिरका असेल तर फोटोत काटा आणि त्याचे प्रतिबिंब अशा दोन रेघा दिसतात. काटा डायलच्या जितका वर असतो तितकेच प्रतिबिंब आरशाच्या मागे असते, म्हणून एक जितका एका बाजूला सरकतो तितकाच दुसरा दुसऱ्या बाजूला. आरसा स्केलच्या पातळीत असेल तर खरी जागा दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये येते. चुकीच्या जागेवरून काढलेला फोटोही असा सुधारता येतो. शाळेतल्या मीटरमध्ये हा आरसा बहुधा नसतो, म्हणून तिथे चौकटीच्या भिंतींवरच भिस्त.

राहिली शून्य त्रुटी. तारा काढलेल्या असताना काटा शून्यावर नसला तर तो जिथे आहे तेवढी शून्य त्रुटी. काटा शून्याच्या पुढे असेल तर ती धन, मागे असेल तर ऋण; आणि खरे रीडिंग म्हणजे दिसलेले रीडिंग वजा शून्य त्रुटी. आतली बारीक स्प्रिंग थोडी सैलावणे, कोणीतरी स्क्रू फिरवलेला असणे, किंवा मीटर चुकीच्या स्थितीत ठेवणे ही तिची नेहमीची कारणे. डायलच्या कोपऱ्यात मीटर उभा वापरायचा की आडवा याची एक छोटी खूण असते. उभ्या वापरासाठीचा मीटर आडवा ठेवला तर काट्याचा तोल किंचित बदलतो आणि शून्य हलू शकते. काट्यासह काम करणाऱ्याच्या फोटोवरून शून्य त्रुटी कधीच कळत नाही. तिच्यासाठी दुसरा फोटो लागतो, तारा सोडवलेल्या आणि मीटर त्याच स्थितीत ठेवलेला.

हा दुसरा फोटो काढताना पहिल्यासारखाच तिरकेपणा राहिला तर काय होते, ते आपल्या मीटरवर करून पाहू. समजा मीटरची खरी शून्य त्रुटी अर्धे घर, म्हणजे धन ०.०५ व्होल्ट आहे. दोन्ही फोटो वरच्या बाजूने, २० अंश तिरके काढले. रीडिंगच्या फोटोत काटा २.६५ वर दिसला. तिथे काटा उजवीकडे बराच कलला आहे, म्हणून तो खऱ्यापेक्षा सुमारे ०.०२ व्होल्ट जास्त दिसतो. काटा प्रत्यक्षात आहे २.६३ वर. शून्याच्या फोटोत काटा डावीकडे ४५ अंश कलला आहे, म्हणून तो सुमारे ०.०३ व्होल्ट कमी दिसतो. शून्य त्रुटी ०.०५ ऐवजी ०.०२ दिसते. विद्यार्थी नियमाप्रमाणे वजाबाकी करतो: २.६५ वजा ०.०२, उत्तर २.६३. खरे उत्तर मात्र २.६३ वजा ०.०५, म्हणजे २.५८ व्होल्ट. दोन्ही फोटो एकाच जागेवरून काढल्याने पॅरॅलॅक्स कटून जाईल असे वाटते, पण इथे दोन चुका एकत्र होऊन अर्ध्या घराचा फरक पडला. दोन्ही फोटो उजवीकडून काढले असते तर मात्र चुका एकाच दिशेच्या असत्या आणि वजाबाकीत जवळजवळ नाहीशा झाल्या असत्या. म्हणूनच बाजूने काढलेल्या फोटोंपेक्षा वरून काढलेल्या फोटोंवर मी कमी विश्वास ठेवतो.

ऋण शून्य त्रुटीच्या बाबतीत आणखी एक फसवी जागा आहे. शून्याच्या डावीकडे काट्याला अडवणारी एक खुंटी असते. काटा तिला टेकलेला दिसला तर त्रुटी किती आहे ते सांगता येत नाही. खुंटी नसती तर काटा आणखी मागे गेला असता. अशा फोटोवरून वजाबाकी करू नये. स्क्रू हलक्या हाताने फिरवून काटा शून्यावर आणावा आणि दोन्ही फोटो नव्याने काढावेत.

आपले उत्तर आता वहीत लिहायचे. २.५८ असे न लिहिता अर्ध्या घराच्या हिशेबाने २.६० व्होल्ट, अधिक-उणे ०.०५ असे लिहिणे प्रामाणिक ठरेल. सोबत लघुतम माप ०.१ व्होल्ट, शून्य त्रुटी धन ०.०५ व्होल्ट आणि फोटो कोणत्या बाजूने काढला तेही नोंदवावे. मात्र हे अधिक-उणे फक्त वाचनाचे आहे. मीटरचा स्वतःचा खरेपणा वेगळा, आणि तो डायलवर एका सुट्या आकड्याने छापलेला असतो. तिथे २.५ असेल तर मीटर पूर्ण स्केलच्या अडीच टक्के, म्हणजे ०.०७५ व्होल्ट इतका इकडेतिकडे असू शकतो, आणि तोही स्केलवर कुठेही. २.६ व्होल्टवर ही चूक तीन टक्क्यांच्या आत राहते, पण ०.३ व्होल्टवर ती पंचवीस टक्के होते. प्रयोगातली अगदी सुरुवातीची रीडिंग आलेखाच्या रेषेपासून दूर पडतात, त्याचे एक कारण हे आहे. फोटो कितीही सरळ काढला तरी ती तशीच राहणार. त्यावर उपाय एकच, लहान व्होल्टेजसाठी लहान पल्ल्याचा मीटर घेणे.

पंपाच्या पॅनेलवरच्या मीटरला हे सगळे लागू होते, पण एका फरकाने. तिथला ० ते ५०० व्होल्टचा मीटर बहुधा लोखंडी पाते असलेला, एसीसाठीचा असतो. त्याची घरे सुरुवातीला दाटीवाटीची आणि पुढे रुंद असतात. त्यामुळे लघुतम माप काटा ज्या दोन आकड्यांमध्ये आहे तिथेच काढायचे. दुसरीकडची घरे मोजून चालत नाही. मोटारीच्या ॲमीटरवर तर शेवटचा भाग मुद्दाम आखडलेला असतो, सुरू होतानाचा मोठा प्रवाह त्यात मावावा म्हणून, आणि तिथल्या एका घराची किंमत आधीच्या घरांपेक्षा खूप जास्त असते. अशा स्केलवर शून्य त्रुटी सरळ वजा करणेही बरोबर नाही, कारण शून्याजवळच्या एका मिलिमीटरची आणि ४०० जवळच्या एका मिलिमीटरची किंमत सारखी नसते. काटा शून्यावर नसेल तर स्क्रूनेच तो जागेवर आणावा लागतो. ते काम पुरवठा पूर्ण बंद करून, जाणत्या माणसाने करायचे असते. मेकॅनिकला फोटो पाठवताना पॅनेलसमोर सरळ उभे राहावे, स्क्रू मध्यावर घ्यावा, पूर्ण डायल दिसू द्यावी आणि त्यासोबत पंप बंद असतानाचाही एक फोटो पाठवावा. ॲमीटरचे शून्य त्यातच दिसते. व्होल्टमीटरचे मात्र पुरवठा गेलेला असेल तेव्हाच.